एकशे बारा नंबरचं केंद्र

डेटा इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखती घ्यायला आमच्या कंपनीत गेली काही वर्षं मला बसवतात. समोरचा उमेदवार पाणी पिऊन जरा सावरला, की मी त्याला एकच प्रसंग सांगते.

एक दूध संघ आहे. गावोगाव मिळून त्याची ३०० संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रावर सकाळी आणि संध्याकाळी साधारण ८० जण दूध घालतात. कॅन काट्यावर चढतो, चमचाभर नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ निघतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम ठरते आणि बोटभर लांबीची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. ती पावती म्हणजे केंद्रावरच्या संगणकातली एक ओळ. अशा दिवसाला ४८,००० ओळी. त्या सगळ्या संघाच्या कार्यालयात आणायच्या आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं. तुम्ही हे कसं बांधाल?

वाचकांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की डेटा इंजिनिअर म्हणजे एका ठिकाणी झालेली नोंद दुसऱ्या ठिकाणी नीट पोचवणारा माणूस. वाटेत ती तपासायची, जुळवायची, लावून ठेवायची. या सगळ्या वाटेला आम्ही पाइपलाइन म्हणतो. आमच्या घरी माझ्या कामाबद्दल विचारलं, तर सासूबाई ‘ती हमाली करते, पण एसीत’ असं सांगतात आणि त्यात फारसं चूक नाही.

प्रश्न ऐकला की बहुतेक उमेदवार मार्कर उचलून फळ्यावर चौकोन काढायला लागतात. काफ्का, स्पार्क, एअरफ्लो, मग ढगाचं चित्र, मग डॅशबोर्ड. मी काढू देते. चौकोन संपले की विचारते, ‘११२ नंबरच्या केंद्राने तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवली, तर काय होईल?’

खरी मुलाखत इथून पुढे सुरू होते.

फाइल दोनदा का येते, हे आधी बघू. सकाळचं संकलन आटोपलं. ८३ पावत्या, ६१२ लिटर. केंद्रचालकाने ‘पाठवा’चं बटण दाबलं. फाइल निघाली, कार्यालयात पोचलीसुद्धा, पण ‘पोचली’ असा उलट निरोप केंद्रावर यायच्या आत लाइट गेली. चालकाच्या दृष्टीने फाइल गेलेलीच नाही. लाइट आल्यावर तो पुन्हा बटण दाबतो. तो बरोबरच वागतोय, त्याच्या जागी तुम्ही-मी हेच केलं असतं. कार्यालयात मात्र आता १६६ ओळी आणि १,२२४ लिटर दूध आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडून नेमकं हेच झालं होतं. संघ कोणता ते राहू द्या. त्या दिवशी केंद्रावरून उचललेल्या टँकरच्या नोंदीत ६१० लिटर होतं म्हणून बिल निघायच्या आधी चूक सापडली. दोन लिटरचा फरक सांडलवंड म्हणून खपतो, सहाशेचा खपत नाही.

यावर ‘ड्युप्लिकेट ओळी काढून टाकू’ हे पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. मग पुढचा प्रश्न: ड्युप्लिकेट म्हणजे नक्की काय? उमेदवार म्हणतो, ‘तोच शेतकरी, तीच तारीख, तीच वेळ.’ पण एकाच शेतकऱ्याने सकाळी दोन कॅन घातले तर? घरात आठ-दहा गाई असतील तर दोन फेऱ्या होतातच. एक कॅन गाईचा, एक म्हशीचा, हेही नेहमीचं. वरचा नियम लावला की त्याचा दुसरा कॅन गायब. म्हणजे दुप्पट मोजण्याची चूक दुरुस्त करताना आपण कमी मोजण्याची चूक करून बसलो. आणि ही दुसरी चूक टँकरच्या नोंदीतही पटकन दिसणार नाही, कारण सहाशे लिटरमध्ये बारा लिटर कुठे कळतात! म्हणून ओळखीची खूण शोधताना दूध घालण्याची पद्धत माहीत असावी लागते. इथे ती खूण पावती क्रमांक आहे, शेतकऱ्याचा खाते नंबर नव्हे.

मला स्वतःला याहून साधी वाट आवडते. ओळ ओळ जुळवत बसू नका. ११२ नंबरचं केंद्र, १४ तारीख, सकाळ, हे वहीचं एक पान समजा. नवी फाइल आली की जुनं पान फाडायचं आणि नवीन पूर्ण पान लावायचं. दोनदा आली तर दोनदा, दहादा आली तर दहादा. शेवटी पान एकच.

```sql
BEGIN;
DELETE FROM sankalan
 WHERE kendra = 112 AND tarikh = '2024-06-14' AND vel = 'AM';
INSERT INTO sankalan
SELECT * FROM aavak WHERE file_id = 9071;
COMMIT;
```

`BEGIN` आणि `COMMIT` यांच्यामधलं काम एकतर पूर्ण होतं किंवा मुळीच होत नाही. पान फाडलं आणि नवीन लावायच्या आत सर्व्हर बंद पडला, तर डेटाबेस जुनं पान जसंच्या तसं परत ठेवतो. `file_id` तिथे मुद्दाम आहे. आवक म्हणून येऊन पडलेल्या सगळ्या फाइलींतून फक्त ही एकच फाइल उचल, असा त्याचा अर्थ. तो नसेल तर पहिल्या आणि दुसऱ्या फाइलीतल्या ओळी मिळून पुन्हा १६६ होतील आणि पान फाडण्याचा काही उपयोग होणार नाही.

या युक्तीलाही एक अट आहे. नवी फाइल पूर्ण असली पाहिजे. दुसऱ्यांदा पाठवताना निम्म्यात तुटून ४० ओळीच आल्या, तर ८३ ओळींचं चांगलं पान फाडून आपण ४० ओळींचं लावू. त्यासाठी बँकेत रोखपाल करतो तेच करायचं. नोटांची गड्डी देताना वर चिठ्ठी: किती नोटा, एकूण किती. फाइलीच्या शेवटी केंद्राने लिहायचं, ‘ओळी ८३, लिटर ६१२’. कार्यालयात मोजणी त्याच्याशी जुळली तरच पान बदलायचं. हिशेबाच्या वह्या लिहिणारी जुनी माणसं याला ताळा घेणं म्हणायची. आमच्या क्षेत्रात याला वेगळी नावं आहेत, काम तेच.

तेच काम कितीही वेळा केलं तरी निकाल एकच, हा गुण पाइपलाइनमध्ये असला की निम्म्या रात्रीच्या झोपा वाचतात. मध्यरात्री काही बिघडलं तर विचार करावा लागत नाही, पुन्हा चालवायचं. मात्र ‘पुन्हा चालवणं’ वाटतं तितकं निरागस नसतं. समजा १६ तारखेला दर बदलले आणि १८ तारखेला आपण १४ तारखेचं पान पुन्हा चालवलं. प्रोग्रॅममध्ये कुणीतरी ‘आजचा दर घे’ असं लिहून ठेवलं असेल, तर १४ च्या दुधाला १८ चा दर लागेल. ओळी बरोबर, लिटर बरोबर, ताळा जुळलेला, फक्त पैसे चूक. म्हणून मी उमेदवाराने लिहिलेल्या कोडमध्ये ‘आज’ कुठे आहे ते शोधते. २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेलं एअरफ्लो हे कामांचं वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक कामाला ‘तू कोणत्या तारखेच्या डेटासाठी धावतोयस’ हे सांगतं, ते याचसाठी. त्या तारखेकडे दुर्लक्ष करून घड्याळ बघणारे प्रोग्रॅम मात्र मी आजही पाहते.

आता खराब डेटाकडे येऊ. इथे मी एक ओळ दाखवते: खाते ४७, गाय, ८ लिटर, फॅट ४१.

गाईच्या दुधाचं फॅट साधारण साडेतीन-चारच्या आसपास असतं. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून सांगतात. ४१ हे दूध नव्हे, ते लोण्याच्या वाटेवर आहे. झालं काय ते उघड आहे. यंत्र बंद होतं, चालकाने आकडा हाताने टाकला आणि टिंब राहिलं.

एका उमेदवाराने क्षणात सांगितलं, ‘मॅडम, दहाने भागायचं. ४.१.’ हुशार मुलगा होता आणि त्याचा अंदाज बहुधा बरोबरच असेल. पण मी विचारलं, ‘तुम्ही तिथे होता का?’ आकडा ३.१ असेल आणि बोट चुकून ४ वर पडलं असेल तर? फॅटच्या एका पॉइंटवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. तो आकडा बदलायचा अधिकार पुण्यात बसलेल्या इंजिनिअरला कुणी दिला? पावतीची दुसरी प्रत केंद्रावर आहे, चालक तिथे आहे, खाते ४७ चा माणूस संध्याकाळी पुन्हा दूध घेऊन येणार आहे. दुरुस्ती तिथे व्हायला हवी.

दुसऱ्याने सांगितलं, ‘अशी ओळ टाकून देऊ.’ म्हणजे चूक चालकाची आणि आठ लिटर बुडाले शेतकऱ्याचे.

तिसरा म्हणाला, ‘चुकीची ओळ दिसली की पाइपलाइन थांबवू.’ म्हणजे एका टिंबासाठी २४,००० शेतकऱ्यांचं बिल अडलं.

आम्ही करतो ते असं. अशक्य ओळी बाजूच्या एका तक्त्यात जातात. मूळ ओळ जशी आली तशी, शेजारी कारण: ‘फॅट ४१, गाईसाठी मर्यादेबाहेर’, फाइल कोणती, केव्हा आली. रोज सकाळी ही यादी केंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाकडे जाते. तो फोन करतो, केंद्र दुरुस्त फाइल पाठवतं, पान बदलतं. बाकीच्या ओळींचं काम दरम्यान चालूच राहतं. मात्र एका केंद्राच्या पानातल्या चार-पाच टक्क्यांहून जास्त ओळी बाजूला पडायला लागल्या, तर ते पूर्ण पानच रोखायचं. कारण एवढ्या टिंबांच्या चुका माणूस करत नाही. यंत्र बिघडलंय किंवा फाइलीतले रकाने सरकलेत.

बाजूच्या तक्त्याला आमच्या भाषेत क्वारंटाइन म्हणतात. २०२० नंतर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण तिथे पाठवलेल्या ओळींची विचारपूस करणारा माणूस ठरलेला नसेल, तर तो तक्ता म्हणजे अडगळीची खोली. तीन वर्षांपूर्वीच्या लाखभर ओळी पडून असलेला असा तक्ता मी पाहिला आहे. तो उघडायची हिंमत कुणाची होत नव्हती.

फॅट ४१ हा तसा सज्जन चोर. दिसतो तरी. खरा त्रास पटण्यासारख्या आकड्यांचा. यंत्र बंद असताना काही केंद्रांचं सॉफ्टवेअर फॅटच्या रकान्यात ०.० लिहायचं. ‘मोजलं नाही’ आणि ‘शून्य आलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात. दहा कॅनपैकी सहांचं फॅट ३.८ आणि चारांचं ०.० धरलं, की सरासरी येते २.२८. कार्यालयात तक्ता बघणाऱ्याला वाटतं, या केंद्रावर पाणी मिसळतात. एका केंद्रावर तपासणी पथक जाऊन धडकल्यावर खरा प्रकार कळला, तोपर्यंत चालकाची गावात शोभा झाली होती. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, शून्य लिहायचं नाही, हा नियम त्यानंतर झाला.

आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेळेच्या रकान्यात एका केंद्राकडून `S` यायचं. आम्ही त्याचा अर्थ ‘सकाळ’ लावला. दोन आठवड्यांनी कळलं, की ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं त्याने सकाळसाठीही `S` ठेवलं होतं आणि संध्याकाळसाठीही. वर सांगितलेली पान फाडण्याची युक्ती इथे काय करेल ते बघा. संध्याकाळची फाइल आली की ती सकाळचं पान फाडून तिथे स्वतः बसेल! म्हणूनच वरच्या कोडमध्ये `AM` आहे. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण इथे तो आवरला.

हे सगळे आलेल्या डेटाचे दोष झाले. मी मुलाखतीत सर्वात जास्त वेळ घालवते तो न आलेल्या डेटावर. ११२ नंबरच्या केंद्राची फाइल आज आलीच नाही, तर तुमच्या पाइपलाइनला कळेल का? फळ्यावरच्या चौकोनांकडे बघून बहुतेकजण थोडा वेळ गप्प होतात. कारण आलेल्या फाइलीवर काम करणारा प्रोग्रॅम न आलेल्या फाइलीबद्दल काहीच करत नाही. त्याला धावायचं निमित्तच मिळत नाही. चूक नाही, लाल दिवा नाही. संध्याकाळच्या अहवालात २९९ केंद्रांची बेरीज ३०० केंद्रांची म्हणून छापली जाते.

याचं जगजाहीर उदाहरण ब्रिटनमधलं आहे. कोविडच्या काळात तिथल्या प्रयोगशाळा तपासण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलींतून पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे पाठवत. संस्था त्या एक्सेलच्या साच्यात उतरवून पुढे केंद्रीय यंत्रणेत चढवत असे. साचा जुन्या पद्धतीचा, `.xls`. त्या प्रकारच्या पानावर ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त ओळी मावतात, पण साचा जुनाच राहिला होता. रुग्ण वाढले, ओळी मर्यादेच्या वर गेल्या आणि जास्तीच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांत १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत आली नाही. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकांकडे त्यांची नावं वेळेत गेली नाहीत.

या प्रकरणावर तेव्हा एक्सेलची पुष्कळ टिंगल झाली. मला त्यात एक्सेलचा दोष दुय्यम वाटतो. कोणत्याही साधनाला मर्यादा असते. प्रयोगशाळेतून निघताना इतक्या ओळी आणि केंद्रीय यंत्रणेत उतरताना इतक्या ओळी, हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी बघत असतं, तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. ती रोखपालाची चिठ्ठी तिथे नव्हती.

दूध संघात यासाठी एक साधी यादी लागते: आज कुणाकडून काय यायला हवं. ३०० केंद्रं, दोन वेळा, ६०० पानं. सकाळी अकरापर्यंत सकाळची किती आली? न आलेल्यांची नावं काय? एखादं केंद्र नेहमी ६०० लिटर देतं आणि आज ताळा जुळून ९० लिटर आलं, तर तेही विचारायचं. गावात जत्रा असेल किंवा शेजारच्या संघाने दर वाढवला असेल. पाइपलाइनने त्याचं कारण शोधायची गरज नाही. विचारावं एवढं तिला सुचलं पाहिजे.

एवढं झाल्यावर मी चहा मागवते आणि मग बॅच की स्ट्रीमिंग हा विषय काढते. बॅच म्हणजे काम साठवून ठरलेल्या वेळी एकदम करायचं, स्ट्रीमिंग म्हणजे आलेली प्रत्येक नोंद आल्या आल्या हाताळायची. पंगत आणि खानावळ यांतला फरक म्हणा. पंगतीत सगळे बसले की वाढप सुरू, खानावळीत जो येईल त्याचं ताट लगेच.

तरुण उमेदवारांचा कल स्ट्रीमिंगकडे असतो, कारण ते अवघड आहे आणि अवघड गोष्टी बायोडेटात शोभतात. एका मुलीने मात्र फळ्याकडे न जाता मलाच विचारलं, ‘बिल दहा दिवसांनी निघणार ना? मग मिनिटामिनिटाला कळून कोण काय करणार आहे?’ ती आधी सहा वर्षं एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होती. रात्रीचे हिशेब रात्री मिटवायची तिला सवय होती.

तिने पुढे मांडलेलं गणित मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं. दिवसाच्या ४८,००० ओळी पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात. डोंगराकडच्या केंद्रांच्या फाइली नेटवर्कमुळे एक-दोन दिवस उशिरा येतात. म्हणून रोज रात्री फक्त आजचा दिवस न चालवता मागचे तीन दिवस पूर्ण पुन्हा चालवायचे, १,४४,००० ओळी. साध्या सर्व्हरला हे काही मिनिटांचंही काम नाही. उशिरा आलेलं पान आपोआप आपल्या जागी बसतं, कारण पान बदलणं कितीही वेळा केलं तरी चालतं. १ ते १० चं बिल १० च्या रात्री काढायचं नाही, १२ च्या रात्री काढायचं. त्यानंतरही आलेली फाइल बंद झालेल्या बिलात घुसवायची नाही, पुढच्या बिलात ‘मागील फरक’ म्हणून वेगळी ओळ. हा ‘मागील फरक’ दूध घालणाऱ्या प्रत्येकाला पावतीवर पाहून माहीत असतो, त्यामुळे तंटा होत नाही.

हेच स्ट्रीमिंगने करायला गेलो, तर उशिरा येणाऱ्यांचा प्रश्न प्रत्येक क्षणी पडतो. दूध घातलं ती वेळ वेगळी, नोंद पोचली ती वेगळी. सकाळच्या वेळेची बेरीज ‘झाली’ असं कधी म्हणायचं? पंगत उठवायची कधी, अजून कोण यायचंय? गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याच दोन वेळांची फोड केली आहे. अमुक वेळेपर्यंतचं बहुतेक सगळं आलं असावं, अशी चालती रेघ ते मारतात. तिला वॉटरमार्क म्हणतात. रेघ लवकर मारली तर उशिराचे बाहेर राहतात, उशिरा मारली तर ‘ताबडतोब’ या शब्दाला अर्थ राहत नाही. तिचं अचूक ठिकाण कुणालाच सांगता येत नाही, ते पदरी घ्यावं लागतं.

मग या संघात स्ट्रीमिंगला जागाच नाही का? आहे, पण ती बिलात नाही. शीतकरण केंद्रावर दूध ४ अंशांपर्यंत थंड करून ठेवतात. रात्री दोनला कूलरचा कॉम्प्रेसर बंद पडला, तर सकाळी आठच्या अहवालात तापमान १५ अंश छापून काय उपयोग? टाकीभर दूध तोवर गेलेलं. इथे मिनिटाला एक आकडा यायला हवा आणि तो आल्या आल्या कुणाच्या तरी उशाशी फोन वाजायला हवा. नोंद कळताक्षणी उठून काहीतरी करणारा माणूस आहे, म्हणून इथे स्ट्रीमिंग.

तिथेही बारकावे आहेतच. ४ च्या वर गेलं की घंटा, असा नियम केला तर रोज सकाळी घंटा वाजेल, कारण नुकतं काढलेलं कोमट दूध टाकीत ओतलं की तापमान चढणारच. आठवड्याभरात रखवालदार फोन बंद करून झोपायला लागतो. म्हणून ‘संकलनाच्या वेळा सोडून सलग दहा मिनिटं ६ अंशांच्या वर’ असा नियम लागतो. त्यासाठी प्रोग्रॅमला मागचे दहा आकडे लक्षात ठेवावे लागतात. तो मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर ही आठवण कुठून आणायची? २०११ मध्ये लिंक्डइनने सर्वांसाठी खुलं केलेलं काफ्का इथे कामी येतं. ते येणाऱ्या नोंदी क्रमाने लिहून ठेवतं आणि वाचणारा आपण कुठवर वाचलं याची खूण ठेवतो. पडलेला प्रोग्रॅम उठला की खुणेपासून पुढे वाचतो. पण घंटा वाजवून झाली आणि खूण पुढे सरकवायच्या आत तो पडला, तर उठल्यावर तीच नोंद पुन्हा वाचून तीच घंटा पुन्हा वाजवतो. म्हणजे ११२ नंबरच्या केंद्राचंच दुखणं, फक्त इथे ते सेकंदांत होतं. साधन बदललं म्हणून ते टळत नाही. एकाच बिघाडाला एक क्रमांक देऊन ‘याची घंटा वाजली आहे’ असं लिहून ठेवणं, हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. दोनदा वाजणारी घंटा परवडली, न वाजणारी नको.

या मुलीला मी शेवटचा प्रश्न विचारला: ‘कूलरची वीज गेली, त्याबरोबर तापमान पाठवणारं यंत्रही बंद पडलं, तर घंटा वाजेल?’ ती थांबली. वर ठरवलेला नियम आकड्यांवर चालतो आणि आकडेच येत नाहीत. नियमाच्या लेखी सगळं ठीक आहे. मग तिने मार्कर घेऊन फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली: ‘पाच मिनिटं आकडा आला नाही, तर घंटा.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘ही घंटा दुसऱ्या सर्व्हरवरून.’

तिला आम्ही घेतलं.

तुमच्याही कामावर रोज सकाळी कुठून तरी एखादा अहवाल येत असेल, पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेत, दुकानात. त्यातले आकडे बरोबर आहेत का, हे तुम्ही बघतच असाल. उद्या जरा वेगळं करा. त्यात किती ओळी आहेत ते मोजा, काल किती होत्या ते मोजा, आणि असायला किती हव्यात, हे ज्याला ठाऊक असेल त्याला एक फोन करा.